इडलीचं पीठही आंबतं, ताडीही आंबते, पण दोन्ही एक नव्हेत

अशोक चौकाच्या बाजूला माझं इडली-डोशाच्या पिठाचं दुकान आहे. महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी काउंटरपाशी येऊन हळूच विचारतं, "ताई, हे आंबलेलं पीठ माळकऱ्याला चालतं का? यात दारू असते म्हणतात." गेल्या महिन्यात आलेल्या वहिनींचा प्रश्न जास्त जड होता. त्यांच्या मालकांची दारू सुटून चार महिने झाले होते. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी घरात इडली, आंबील, पिकलेली केळी, सगळंच बंद केलं होतं. मला त्या सांगणाऱ्याचा फार राग आला. चार महिने जिवावर उदार होऊन सावरलेल्या घराला असली खोटी भीती घालू नये.

घोळ 'आंबणं' या शब्दापासून सुरू होतो. पीठ आंबतं, ताक आंबतं, ताडी आंबते. शब्द एकच असल्यामुळे जितकं आंबट तितकी दारू जास्त, असं लोकांना वाटतं. पण आंबटपणा आम्लाचा असतो, दारूला स्वतःची आंबट चव नसते. दही लावणारे जीवाणू दुधातल्या साखरेचं जवळपास सगळं आम्लच करतात. पीठ फुगवणारे जीवाणू थोडे वेगळे. ते आम्ल करतात, वायू सोडतात आणि सोबत थोडं अल्कोहोलही तयार करतात. तेव्हा इडलीच्या पिठात अल्कोहोल असतं हे खरंच आहे, ते मी कुणापासून लपवत नाही. प्रश्न किती असतं हा आहे, आणि ते ठरतं आयत्या साखरेवर.

शिंदीच्या किंवा ताडाच्या झाडाचा रस म्हणजे साखरेचं पाणीच. शंभर ग्रॅम रसात दहा-बारा ग्रॅम साखर विरघळलेली असते. मडक्यातल्या यीस्टला ती तयार ताटात मिळते. साखरेच्या वजनाच्या साधारण निम्मं अल्कोहोल होतं, म्हणून सकाळचा गोड रस उन्हात संध्याकाळपर्यंत चार-पाच टक्क्यांची ताडी होतो. तांदूळ-उडदात मात्र मुख्यतः स्टार्च असतो. यीस्टला किंवा या जीवाणूंना तो तसाच खाता येत नाही, आधी कुणीतरी तोडून त्याची साखर करावी लागते. भातापासून मद्य करणारे लोक त्यासाठी वेगळी बुरशी लावतात. आपल्या पातेल्यात ती नसते. पिठात सुटी साखर थोडीच, ती संपेपर्यंत पीठ आंबट होतं आणि त्या आम्लातच पुढचं काम मंदावतं. म्हणून पीठ दोन दिवस बाहेर ठेवलं तरी त्याची ताडी होत नाही. ते नासतं. पाणी सुटतं, वर करडा-गुलाबी थर येतो, वास बिघडतो. ते फेकायचं ते नासलं म्हणून.

किती, हे पातेल्यावरूनच काढता येतं. रात्री एक लिटर पीठ ठेवलं आणि सकाळी ते दोन लिटर झालं, म्हणजे आत अंदाजे एक लिटर वायू अडकला. हे जीवाणू जेवढे कण वायूचे सोडतात, फार तर तेवढेच अल्कोहोलचे करतात. त्या हिशेबाने एक लिटर वायूमागे अल्कोहोल दोन ग्रॅमच्या आतच येतं. काही वायू निसटून जातो, म्हणून दुप्पट धरू, चार ग्रॅम. एवढ्या पिठात पंचवीसेक इडल्या होतात. म्हणजे चार इडल्यांच्या कच्च्या पिठात जास्तीत जास्त अर्ध्या-पाऊण ग्रॅमच्या दरम्यान. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम असतं. मोठ्या माणसाचं यकृत तासाला साधारण सात ग्रॅम अल्कोहोल जिरवतं, त्यामुळे इडलीचा वाटा काही मिनिटांत संपतो. तो चढण्याचा प्रश्नच येत नाही.

"वाफवलं की सगळं उडून जातं," असंही ठामपणे सांगतात. तेही चूक आहे. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे बरोबर, पण पदार्थात मिसळलेलं एका दमात निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात घातलेलं मद्य पंधरा मिनिटं शिजवल्यावरही सुमारे ४० टक्के उरतं. पातळ डोशातून जास्त उडत असेल, जाड इडलीतून कमी. इडली चालते ती मुळातच अल्कोहोल नगण्य असल्यामुळे. हेच कारण सांगा, कारण "शिजवलं की उडतं" ऐकून कुणी उद्या वाइन घातलेली ग्रेव्ही बिनधास्त खाईल.

फळांचं थोडक्यात. जर्मनीत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत काळे ठिपके पडलेल्या केळ्यात १०० ग्रॅममागे ०.०४ ग्रॅम अल्कोहोल निघालं. द्राक्षाच्या रसात लिटरमागे एक ग्रॅमही नाही. त्याच मोजणीत बर्गरच्या पावात मात्र १०० ग्रॅममागे सव्वा ग्रॅमच्या आसपास होतं, कारण पाव यीस्टवर फुगतो. इडलीला घाबरणारे पाव-भाजी निवांत खातात. दोन्ही खा. फुटून फसफसलेली, दारूसारखा वास येणारी द्राक्षं तेवढी टाकून द्या.

आता जिथे खरंच जपायचं ती जागा. वहिनींनी बोलता बोलता पिशवीतून एक बाटली काढली. मालकांना अशक्तपणा म्हणून आणलेलं अरिष्ट, सकाळ-संध्याकाळ वीस मिलिलिटर. मी लेबल वाचलं. बारीक अक्षरांत 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' आणि पुढे टक्केवारी. आसव-अरिष्टं गूळ आणि धायटीची फुलं घालून मुद्दाम आंबवतात, त्यात साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार होतं. आठ टक्के धरलं तरी वीस मिलिलिटरात सव्वा ग्रॅम होतं, चार इडल्यांच्या कच्च्या पिठाच्या दुप्पट, दिवसातून दोनदा, आणि घशाला तीच ओळखीची जळजळ. त्या घरात इडली बंद होती आणि ही बाटली देवघराशेजारी होती. वहिनींचे डोळे भरून आले. त्यांची चूक नव्हती. बाटली देताना कुणी त्यांना हे सांगितलंच नव्हतं.

दारू सुटण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर हे फारच गंभीर. त्या गोळीवर थोड्या अल्कोहोलनेही तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. गोळी थांबवल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. अशा माणसाला आसव, अरिष्ट, अल्कोहोलवालं खोकल्याचं औषध, माउथवॉश काहीच देऊ नका. आंबवलेले पदार्थ आणि व्हिनेगर यांबद्दल गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांनाच नावं घेऊन विचारा.

नीरेबद्दल माझं मत कडक आहे. आतून चुना लावलेल्या मडक्यातली, थंड ठेवलेली, सकाळची नीरा वेगळी. आपल्या एप्रिलच्या उन्हात दुपारी गाड्यावर मिळणाऱ्या रसाला मी नीरा म्हणत नाही. जिभेला चुणचुणला, वर फेस आला, तर दारू टाळणाऱ्याने पेला खाली ठेवावा. '०.५ टक्क्यांखाली' लिहिलेली बिनदारूची बिअरही मी सावरणाऱ्या माणसाच्या हाती देणार नाही. आकडा तिथेही लहानच असतो, पण बाटली, फेस, कडवट चव, सगळं जुनंच आठवून देतं. इडली खाताना कुणाला गुत्ता आठवत नाही.

माळकऱ्यांना मी एवढंच सांगते की व्रत तुमचं, नियमही तुमचा. माझ्या पिठात यीस्ट किंवा साखर घातलेली नसते, तांदूळ, उडीद, थोडी मेथी आणि मीठ. त्यापुढे तुमच्या महाराजांना विचारा.

वहिनी त्या दिवशी एक किलो पीठ घेऊन गेल्या. अरिष्टाऐवजी घरी ताजा उकळलेला काढा चालेल का, हे वैद्यांना विचारायला मी कागदावर लिहून दिलं.