तुमच्या बंगल्याभोवतीची बाग: चित्रात काय बघायचं

थ्रीडी चित्र हातात आलं की बहुतेक घरमालक एकच विचारतात, "भाऊ, हे असंच दिसेल ना?" बंगल्याचं उत्तर सोपं आहे, कारण भिंतीची उंची नकाशात लिहिलेली असते. बागेचं तसं नसतं. झाड वाढतं, वाळतं, पानं झाडतं. म्हणून आमच्या चित्रातली बाग आम्ही कशी ठरवतो आणि तुम्ही ती कशी तपासायची, हे इथे एका उदाहरणावरून सांगतो.

समजा जळगावात 40 बाय 60 फुटांचा प्लॉट आहे. घराचं तोंड पश्चिमेला, रस्ताही तिकडेच. एकमजली बंगला पॅरापेटसकट साधारण 16 फूट उंच. समोर 15 फूट मोकळी जागा, त्यात एका बाजूला गाडीसाठी फरशी. बागेला उरली 24 फूट लांबीची पट्टी. घराच्या भिंतीलगत तीन फूट फरशी ठेवायची, कारण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि पायाशेजारी सतत ओल नको. म्हणजे लागवडीला रुंदी मिळाली 12 फूट. मागणी अशी की बाग केरळ-कोकणासारखी घनदाट दिसावी.

ती तशी दिसू शकते, पण कोकणातली झाडं उचलून आणून नाही. सुपारीला दमट हवा लागते, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि वारा कोरडा असतो. रॉयल पाम चित्रात रुबाबदार दिसतो, पण तो वाढून घराच्या तिप्पट-चौपट उंच होतो, मग 16 फुटी बंगला त्याच्या बुंध्याशी ठेंगणा दिसू लागतो. दाटपणा येतो तो झाडांच्या थरांमुळे, आणि खानदेशात हे थर केवळ दिसण्यासाठी नसतात. वरच्या थराच्या सावलीवर खालचा थर जगतो. केळीच्या मळ्याभोवती वारा अडवायला शेवरी लावतात, त्यातलंच हे शहाणपण.

या पट्टीत वरच्या थराला आम्ही दोन चाफे घेतले, कंपाउंडच्या भिंतीपासून चार फूट आत. चाफ्यातही निवड महत्त्वाची. टोकदार पानांचा चाफा हिवाळ्यात पार उघडा होतो. गोल टोकाच्या पानांचा जवळपास वर्षभर हिरवा राहतो, म्हणून तोच घ्यावा असा आमचा आग्रह असतो. चाफ्याच्या मुळाशी पाणी साचलं तर ती कुजतात, त्यामुळे चित्रात वाफा जमिनीपासून फूटभर उचललेला दिसेल. ती सजावट नाही, मुरूम मिसळलेल्या मातीचा भराव आहे.

मधल्या थरात अरेका पामचे तीन झुबके, उन्हाच्या बाजूला कर्दळ, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात, जिथे भिंतीचा आडोसा आहे तिथे, केळी. केळी तुम्ही आमच्यापेक्षा जास्त ओळखता, म्हणून तिच्यावरून चित्र पारखणं सोपं. शेतातली केळी ओळीत असते, बागेतली एका बेटात हवी: एक मोठं झाड, शेजारी कमी-जास्त उंचीचे दोन-तीन पील. पानं वाऱ्याने थोडी चिरलेली, खालचं एखादं सुकलेलं. सगळी पानं अखंड आणि सगळी झाडं एका उंचीची असतील, तर एकच मॉडेल नुसतं पुन्हा पुन्हा ठेवलंय असं समजा. आम्ही प्रत्येक झाड वेगळ्या कोनात फिरवतो आणि उंचीत दहा-पंधरा टक्के फरक ठेवतो.

सर्वांत खाली, उन्हात टिकणाऱ्या स्पायडर लिली आणि ऱ्हिओ कंपाउंडच्या बाजूला. मॉन्स्टेरा आणि सिंगोनियम घराच्या बाजूला. खरी कसोटी या शेवटच्या दोघांची, कारण पश्चिमेच्या उन्हात त्यांची पानं करपतात.

म्हणून आम्ही सॉफ्टवेअरमध्ये आधी ठिकाण जळगावचं घालतो, उत्तर दिशा नकाशाप्रमाणे लावतो आणि मे महिन्याच्या दोन वेळा तपासतो. दुपारी चारला सूर्य पश्चिमेला क्षितिजापासून 40 अंशांच्या जवळ असतो, त्यामुळे 10 फुटी चाफ्याची सावली सुमारे 12 फूट घराकडे पडते. मॉन्स्टेरा झाकला जातो. दीड वाजताचं चित्र मात्र वेगळं निघतं. सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, चाफ्याची सावली त्याच्याच पायाशी राहते आणि मॉन्स्टेरा उघड्यावर पडतो. उपाय एवढाच की अरेकाचे झुबके घराकडे सरकवायचे आणि मॉन्स्टेरा थेट त्यांच्या झावळ्यांखाली घ्यायचा. चित्रात ही हलवाहलव अर्ध्या तासाची आहे. लागवडीनंतर तीच करायची तर एक उन्हाळा वाया जातो.

सावलीवरून चित्राचा खरेपणा तुम्हालाही कळेल. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी आपल्याकडे सावली पायाखाली येते. 'उन्हाळी दुपार' म्हणून दिलेल्या चित्रात झाडांच्या सावल्या लांबलचक पसरल्या असतील, तर सूर्य दुसऱ्याच देशातला आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी मात्र सावली झाडाच्या उंचीएवढी आणि उत्तरेकडे पडायला हवी.

मापासाठी मुख्य दरवाजा धरा. तो सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद. मॉन्स्टेराचं पान त्याच्या अर्ध्या रुंदीपर्यंत चालेल. दाराएवढं रुंद दिसलं तर मॉडेल ताणलेलं आहे, आणि त्यामुळे घर खेळण्यातलं वाटतं. केळीचं पान दाराच्या उंचीएवढं लांब असणं बरोबर. दुसरी फसगत कॅमेऱ्याची. फार रुंद लेन्स लावली की 15 फुटांचं अंगण 40 फुटांचं भासतं. आम्ही कॅमेरा उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, सुमारे पाच फुटांवर ठेवतो आणि लेन्स 28 ते 35 मिलिमीटरची. अंगण लहान दिसेल, कारण ते तेवढंच आहे.

आम्ही प्रत्येक बागेची दोन चित्रं देतो. पहिलं लागवडीच्या दिवसाचं: चाफे पाच फुटी, अरेका चार फुटी, कर्दळ वीतभर आणि मध्ये बरीच उघडी माती. दुसरं तिसऱ्या पावसाळ्यानंतरचं, ज्यात माती दिसत नाही. अनेकांना पहिलं चित्र बघून वाईट वाटतं आणि ते झाडं दुप्पट लावायला सांगतात. आम्ही नाही म्हणतो. चाफे पाच फुटांवर लावले तर तिसऱ्या वर्षी फांद्या एकमेकांत अडकतात, खालच्या थराला उजेडच मिळत नाही आणि एक झाड काढावं लागतं. मधली उघडी जागा पहिली दोन वर्षं हळद आणि अळूने भरता येते. अळूला पाणी जास्त लागतं, म्हणून तो ठिबकच्या नळीशेजारीच दाखवलेला असेल.

चित्रासोबत झाडांची यादी मिळते: नाव, संख्या, नर्सरीतून घेतानाची उंची, तिसऱ्या वर्षाची उंची. चित्रातलं एखादं झाड यादीत नसेल तर आमच्याकडे बोट दाखवून विचारा.

काम सुरू करण्याआधी आम्हाला उत्तर दिशा दाखवलेला मंजूर नकाशा, रिकाम्या प्लॉटचे सकाळी नऊ, दुपारी दीड आणि चारचे फोटो, शेजारच्या इमारतीची उंची, आणि एप्रिल-मे मध्ये बोअरला रोज किती वेळ पाणी येतं ते कळवा. पाणी अगदीच कमी असेल तर केळी आणि अळू आम्ही पहिल्याच चित्रातून वगळतो आणि त्या कोपऱ्यात आणखी एक चाफा बसवतो.