पार्सलची तारीख बदलायची की नंबर? आधी नंबर!

ऑर्डर दिल्यावर लोक दोन बदल मागतात: पार्सल दुसऱ्या दिवशी आणा, किंवा नव्या नंबरवर फोन करा. दोन्ही मागण्या कुरियरकडेच करायच्या, असा समज असतो. तारीख खरोखरच कुरियरच्या हातात असते, कारण पार्सल त्याच्या गोडाउनमध्ये पडलेलं असतं आणि कोणत्या दिवशी गाडीवर चढवायचं ते तोच ठरवतो. नंबर मात्र विक्रेत्याने किंवा ज्या ॲपवरून खरेदी केली त्याने कुरियरला दिलेला असतो. तुमच्या फोनवरून कुरियर तो सहसा बदलत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुणीही फोन करून दुसऱ्याचं पार्सल स्वतःकडे वळवून घेईल.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. ॲपच्या प्रोफाइलमध्ये नवा नंबर टाकला म्हणजे काम झालं, असं वाटतं. पण ऑर्डर देताना पत्त्यासोबत असलेला नंबर त्या ऑर्डरवर नोंदवला जातो आणि तोच कुरियरकडे जातो. प्रोफाइल नंतर बदललं तर पुढच्या ऑर्डरला उपयोग होईल. निघालेल्या पार्सलवर जुनाच नंबर राहतो.

एक उदाहरण घेऊ. नाशिकरोडला जेलरोडवर राहणाऱ्या एका ताईंनी सोमवारी मिक्सर मागवला. ऑर्डरवर जुना, बंद पडलेला नंबर गेला. पार्सल गुरुवारी येणार, पण गुरुवार-शुक्रवार त्या लग्नासाठी सिन्नरला असणार. म्हणजे दोन्ही बदल हवेत. साहजिकच त्या आधी तारखेच्या मागे लागतील, पण तारीख बदलायची लिंक किंवा ओटीपी येतो ऑर्डरवरच्या नंबरवर, म्हणजे बंद सिमवर. म्हणून नंबर आधी, तारीख नंतर.

मंगळवारी ॲपमध्ये ती ऑर्डर उघडून नंबर बदलायची सोय आहे का ते त्यांनी पाहावं. `Shipped` दिसण्याआधी ही सोय बहुधा असते. त्यानंतर काही ठिकाणी राहते, काही ठिकाणी बंद होते. बंद असेल तर कस्टमर केअरला असं लिहावं: “ऑर्डर क्रमांक अमुक, ट्रॅकिंग क्रमांक अमुक. ऑर्डरवरचा नंबर बंद आहे. नवा नंबर अमुक. कृपया कुरियरच्या नोंदीतही बदलून कळवा.” यातलं ‘कुरियरच्या नोंदीतही’ हे सर्वांत महत्त्वाचं. नुसतं ‘नंबर बदला’ म्हटलं तर केअरवाले कधी कधी फक्त खात्यातला नंबर बदलून मोकळे होतात. काम झालं की नाही, हे ओळखणं सोपं आहे: कुरियरचा पुढचा मेसेज नव्या नंबरवर यायला हवा.

तो आला की कुरियरच्या ट्रॅकिंग पानावरून शनिवार निवडायचा. बहुतेक कुरियर पुढच्या मोजक्या दिवसांतलीच तारीख देतात. पंधरा दिवस सांभाळून ठेवा म्हटलं तर माल परत विक्रेत्याकडे जातो. तारीख बुधवारी रात्रीपर्यंत बदललेली बरी. सकाळी `Out for Delivery` दिसलं म्हणजे पार्सल रायडरच्या त्या दिवसाच्या यादीत चढलं. मग फोनवर ‘शनिवारी आणा’ सांगितलं तरी त्याला ते ‘डिलिव्हरी झाली नाही’ असंच नोंदवावं लागतं, आणि एक प्रयत्न खर्ची पडतो. असे साधारण तीन प्रयत्न मिळतात, मग पार्सल परत फिरतं.

रायडरला तोंडी नंबर दिला तर त्या दिवसापुरता फोन लागेल. दुसऱ्या दिवशी पार्सल दुसऱ्याच्या यादीत गेलं तर त्याच्याकडे पुन्हा जुनाच नंबर. शिवाय महागड्या वस्तूंना डिलिव्हरीचा ओटीपी लागतो आणि तो रायडरच्या वहीतल्या नंबरवर येत नाही.

जुना नंबर हवाच असेल आणि सिम हरवलं असेल, तर डुप्लिकेट सिम डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी काढून भागत नाही. सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवले जातात, म्हणजे ओटीपीही येत नाही. निदान दोन दिवस आधी सिम घ्या.

याच गोंधळाचा फायदा भामटे घेतात. ‘तारीख बदलायला पाच रुपये भरा’ अशी लिंक आली तर उघडू नका. तारीख किंवा नंबर बदलायला अशा लिंकवर पैसे भरावे लागत नाहीत. ‘रायडरशी बोलायला `*401*` लावून हा नंबर डायल करा’ असं सांगितलं तर तेही करू नका. त्याने तुमचे कॉल भामट्याकडे वळतात आणि फोनवर सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. चुकून केलंच असेल तर लगेच हे डायल करा, सगळं कॉल फॉरवर्डिंग बंद होतं:

```
##002#
```

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर तक्रार करा. आणि डिलिव्हरीचा ओटीपी, पार्सल समोर आल्यावरच सांगा.