अन्वेषणात्मक क्रमिक मिश्र संशोधन पद्धती

आधी मोजक्या लोकांच्या सखोल मुलाखती घ्यायच्या, त्यांच्या बोलण्यातून प्रश्नावली तयार करायची आणि मग ती मोठ्या नमुन्यावर तपासायची, अशी ही संशोधन पद्धती आहे. नेमके काय मोजायचे हेच जेव्हा ठाऊक नसते, किंवा परक्या समाजात घडलेली प्रश्नावली स्थानिक लोकांना लागू पडत नाही, तेव्हा ती वापरतात.

झिम्बाब्वेतील शोना भाषकांमधला मानसिक त्रास ओळखणारी ‘शोना लक्षण प्रश्नावली’ हे याचे चांगले उदाहरण. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ती हरारे शहरात विकसित केली. ‘नैराश्य आहे का?’ असे थेट न विचारता लोक आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगतात, हे त्यांनी आधी जाणून घेतले. त्यात ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, ही तक्रार ठळकपणे पुढे आली. अशा तक्रारींचे प्रश्न करून ते दवाखान्यांत आणि पारंपरिक वैद्यांकडे येणाऱ्यांना विचारले गेले. आजारी व्यक्ती वेगळी ओळखण्यास उपयोगी ठरलेले प्रश्न तेवढे राहिले. अंतिम प्रश्नावलीत गेल्या आठवड्याविषयीचे १४ प्रश्न आहेत. उत्तर फक्त हो किंवा नाही असे द्यायचे असते.

या पद्धतीतला सर्वांत नाजूक भाग म्हणजे मुलाखतीतल्या वाक्याचा प्रश्न बनवणे. समजा, कोणी म्हणाले, ‘कर्जाच्या विचाराने झोप लागत नाही.’ हे वाक्य जसेच्या तसे प्रश्नावलीत घातले, तर ज्याला कर्ज नाही पण झोपही नाही, त्याने काय उत्तर द्यावे? म्हणून झोप आणि कर्ज यांचे दोन वेगळे प्रश्न करावे लागतात, शब्द मात्र शक्यतो बोलणाऱ्याचेच ठेवतात. कच्चे प्रश्न गरजेपेक्षा बरेच जास्त लिहून ठेवतात, कारण चाचणीत अनेक गळतात. ज्या प्रश्नाचा उरलेल्या प्रश्नांच्या एकूण गुणांशी सहसंबंध ०.३ पेक्षा कमी येतो, तो सहसा संशयित ठरतो. पण मुलाखतींत वारंवार आलेला मुद्दा केवळ आकड्यापोटी काढून टाकणे घाईचे होय. दोष बहुधा प्रश्नाच्या शब्दरचनेत असतो.

चाचणीसाठी मुलाखतींतलेच लोक पुन्हा घेत नाहीत. ज्यांच्या शब्दांतून प्रश्न घडले त्यांच्यावरच ते जुळले, तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. दुसरी ढिलाई अधिक सर्रास दिसते: मुलाखती होतात, पण प्रश्न मात्र आधीच्या शोधनिबंधांतून उचललेले असतात. प्रत्येक प्रश्नासमोर तो कोणत्या मुलाखतीतून आला याची नोंद मागितली की हे लगेच उघडे पडते.

चाचणीत ठरलेली गुणांची सीमारेषाही कायमची नसते. शोना प्रश्नावलीत व्यक्ती आजारी मानायला सुरुवातीला ८ ‘हो’ पुरेसे मानले जात. पुढे झिम्बाब्वेतल्याच ‘फ्रेंडशिप बेंच’ या मानसिक आरोग्य उपक्रमाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या उपचार-चाचणीत ९ ही सीमा वापरली गेली.