मराठी सबटायटलं आणि इंग्रजी कान

"इंग्रजी सिनेमे मराठी सबटायटल लावून रोज बघितले की कान आपोआप तयार होतो ना?"

नाही. गोष्ट कळते, पण ती डोळ्यांना. अर्थ मराठीतून आयता मिळाला की आवाजाचे तुकडे पाडायची मेंदूला गरजच उरत नाही. सबटायटल इंग्रजीच ठेवा, म्हणजे कानावर पडलेलं आणि लिहिलेलं जुळवता येतं.

खरी अडचण जोडून बोलण्याची असते. 'आय शुड हॅव टोल्ड हिम' हे वाक्य ऐकू येतं 'आय शुडव टोल्डिम' असं. शब्द सगळे ओळखीचे, तरी हातून निसटतात. इथे शॅडोइंग, म्हणजे बोलणाऱ्याच्या मागोमाग तसंच म्हणत जाणं, कामी येतं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. आधी मजकूर न बघता ऐका, मग वाचून कुठे चुकलं ते पाहा. नंतर बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे राहून, न थांबवता, त्याच चढउतारात मोठ्याने म्हणा, शेवटी मजकुराशिवाय. मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशी ताडून बघा. तुकडा संपल्यावर त्यात काय होतं ते मराठीत सांगता आलं नाही, तर ती नुसती पोपटपंची.

सुरुवातीला सिनेमापेक्षा लिखित मजकूर मिळणारा, एकदोघांच्या गप्पांचा पॉडकास्ट बरा. मागे संगीत आणि गोळीबार नसतो. पहिल्या ऐकण्यात दर वाक्याला दोनतीन शब्द सुटत असतील, तर सोपा भाग निवडा. विरार लोकलच्या गर्दीत आधी ऐकलेला भागच पुन्हा ऐकावा. शॅडोइंग घरी, नाहीतर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. तिथे एकट्याने पुटपुटणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही.