ट्यूबवरचा आकडा आणि ‘बाह्य वापरा’ची सूट

खानापूरकडे जूनमध्ये पाऊस धरला की महिनाभरात जांघेतला नायटा घेऊन लोक मेडिकलात यायला लागतात. शेतात भिजलेले कपडे अंगावरच वाळतात, घाम मुरतो आणि खाज सुरू होते. काउंटरवर मागणी एकच असते: “काका, मागच्या वेळची ती ट्यूब द्या की, दोन दिवसांत खाज गेली बघा.” मी बेळगाव जिल्ह्यात पंचवीस वर्षं औषधं विकली आहेत आणि त्यातली बरीच वर्षं ही ट्यूब मी स्वतः काढून दिली आहे. तिच्यात बुरशीवरचं औषध असायचं, अँटिबायोटिक असायचं आणि जोडीला क्लोबेटासोल, म्हणजे सूज दाबणारं तीव्र स्टेरॉइड.

चेहऱ्यावर आणि घडीच्या जागी स्टेरॉइड वेगळं वागतं, हे जुनंच ज्ञान आहे. हायड्रोकॉर्टिसोन १९५२ मध्ये त्वचेवर वापरात आलं. १९६७ मध्ये शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून ते किती शोषलं जातं याचं मोजमाप झालं. हाताच्या आतल्या बाजूतून जेवढं शिरतं ते एक धरलं, तर कपाळातून सहापट, जबड्याच्या कडेतून तेरापट आणि अंडकोशाच्या त्वचेतून बेचाळीसपट शिरतं. काखेत आणि जांघेत आणखी एक गोष्ट घडते. कातडीवर कातडी टेकलेली असल्याने मलम झाकून ठेवल्यासारखं होतं आणि जास्त आत जातं. हातावर चालणारी ताकद जांघेत म्हणूनच चालत नाही.

ताकद कशी ओळखायची, इथेच बहुतेक लोक चुकतात. ट्यूबवरचे टक्के बघून ती कळत नाही. १९६२ मध्ये स्टेरॉइड लावल्यावर कातडी किती पांढरी पडते ते पाहून ताकद ठरवण्याची पद्धत आली, आजची वर्गवारी मुख्यतः तिच्यावर उभी आहे. त्या हिशोबात १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यांत सौम्य गटात बसतं आणि ०.०५ टक्के क्लोबेटासोल सगळ्यांत तीव्र गटात. डेसोनाइडही ०.०५ टक्केच असतं, पण ते सौम्य गटात. आकडा तोच आणि ताकद दोन टोकांची. गिऱ्हाईक मात्र म्हणतं, “हे एक टक्क्याचं स्ट्राँग असेल, मला ते पाव टक्क्याहून कमीवालं द्या.” हा गैरसमज मी रोज ऐकला आहे आणि समजावायला दर वेळी दोन मिनिटं लागतात.

आता डॉक्टरच्या चिठ्ठीच्या नियमाबद्दल. आमच्या धंद्यात त्याच्यावरून सगळ्यात जास्त वाद झाला आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच झालं. १९४५ च्या औषध नियमांत अनुसूची एच आहे. तिच्यातली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात आणि बीटामेथासोन, डेक्सामेथासोन ही नावं तिच्यात होती. पण अनुसूचीखालच्या टीपेत बाह्य वापराच्या औषधांना सूट होती. त्यामुळे बीटामेथासोनच्या गोळीला चिठ्ठी लागायची आणि तेच औषध मलमात आलं की लागत नाही, असा अर्थ बाजाराने लावला. मलम रक्तात फारसं जात नाही म्हणून धोका कमी, असा त्यामागचा विचार असावा. कातडीचं काय होतं याचा हिशोब त्यात नव्हता. शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी आवाज उठवला. मार्च २०१८ मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने चौदा स्टेरॉइडची बाह्य वापराची उत्पादनं चिठ्ठीच्या कक्षेत घातली. सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ ठरावीक मिश्रणांवर बंदी आली, त्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली काही मलमंही होती. दुकानदारांचं म्हणणं होतं की खेड्यात कातडीचा डॉक्टर नाही, मग माणसाने काय करायचं? प्रश्न खोटा नव्हता. पण त्याचं उत्तर क्लोबेटासोल नव्हतं, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

एका घरात हे सगळं मी जवळून पाहिलं. थोरल्या मुलाला जांघेत नायटा होता. पंधरा ग्रॅमची ट्यूब घेतली, दिवसातून दोनदा लावली. दोन दिवसांत लाली आणि खाज गेली, कारण क्लोबेटासोल सूज दाबतं. बुरशी मात्र तशीच राहिली आणि प्रतिकार दबल्याने तिला पसरायला मोकळं रान मिळालं. ट्यूब थांबली की आठवड्यात खाज परत, म्हणून पुन्हा ट्यूब. दोन महिन्यांत तीन ट्यूबी संपल्या. सुरुवातीला नायट्याची कड गोल आणि उठावदार होती. ती पुसट होऊन डाग मांडीवर सरकला. अशा वेळी नवखा डॉक्टरही नायटा ओळखण्यात चुकतो. मग मांडीच्या आत जांभळट लाल पट्टे उठले, बोट फिरवलं की खोलगट लागायचे. आतल्या थरातला कोलाजेन कमी झाला की कातडी ताणाखाली अशी उसवते. पट्ट्यांचा रंग पुढे फिका पडतो, पट्टे राहतात.

त्याच घरातली सून. तिने चेहऱ्यावर गोरेपणासाठी मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनचं तिहेरी क्रीम घेतलं होतं. वांगावर काही आठवडे देण्याचं औषध ती रोजच्या क्रीमसारखं लावत होती. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला. पाचव्या महिन्यात उन्हात गालांची आग व्हायला लागली, नाकाच्या कडेला बारीक लाल शिरा दिसू लागल्या आणि हनुवटीवर लव वाढली. क्रीम बंद केलं तर चार दिवसांत चेहरा लालबुंद होऊन पुटकुळ्या आल्या. तिला वाटलं, क्रीम सोडल्यामुळे झालं, आणि तिने पुन्हा लावलं. या फेऱ्यात ती दोनदा अडकली. सोडल्यावर आग आणि पुन्हा लावल्यावर शांत, असं दिसलं की चेहऱ्याला स्टेरॉइडची सवय लागली आहे असं समजायचं.

ती मग बेळगावात कातडीच्या डॉक्टरांकडे गेली. तिहेरी क्रीम बंद झालं. आग शमवण्यासाठी काही दिवस सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मिळालं, नंतर स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस, जोडीला साधं मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव. लाली उतरायला चार महिने लागले. वरचा पातळ झालेला थर काही आठवड्यांत भरून येतो, शिरा पूर्ण जात नाहीत. तिच्या नाकापाशी दोन-तीन अजून दिसतात.

घडीच्या आणि चेहऱ्याच्या जागी स्टेरॉइड लागलंच, तर सौम्य गटातलं, पाच-सात दिवस, पातळ थर. किती पातळ, तर बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पापणीवर तेही डॉक्टरला विचारल्याशिवाय नको, डोळ्याचा दाब वाढू शकतो. आणि नायटा असेल तर स्टेरॉइड मुळीच नको, निव्वळ बुरशीनाशक मलम.

थोरल्या मुलाचा नायटा बुरशीनाशक गोळ्या आणि साध्या मलमाने दीड महिन्यात बरा झाला. तो अजून येतो, आता ट्यूब उलटून मागची बारीक अक्षरं वाचून घेतो. “काका, ह्यात ‘सोल’ नाही ना?” असं विचारतो. शेवटी ‘सोल’सारखं ऐकू येणारं प्रत्येक नाव स्टेरॉइडचं नसतं, क्लोट्रिमाझोल तर बुरशीनाशक आहे. मी दर वेळी सांगतो, आणि तो दर वेळी विचारतो.