जुनी टोपली महागाई लपवत नाही, फुगवते

सोलापुरातल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक संदेश सारखा फिरतो: 'सरकार जुनीच टोपली धरून महागाई मुद्दाम कमी दाखवतं.' टोपली म्हणजे ज्यांचे भाव मोजायचे त्या वस्तू आणि त्यांचं प्रमाण. महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकावर टीका जरूर करावी, पण इथे गणित नेमकं उलट आहे.

एका घराचा हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. आधार वर्षात, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या वर्षात, महिन्याला १० किलो ज्वारी ४० रुपयांनी आणि १० किलो गहू ३० रुपयांनी घेतला. बिल झालं ७०० रुपये. पुढे ज्वारी ६० वर गेली, गहू ३३ वर. तीच टोपली आता ९३० रुपयांना पडते. आधार वर्षाला १०० धरलं, तर ९३० भागिले ७०० गुणिले १०० म्हणजे निर्देशांक सुमारे १३३. ही पद्धत लास्पेयर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये मांडली.

पण ज्वारी एवढी कडाडल्यावर त्या घरात भाकऱ्या पहिल्यासारख्या होतील का? समजा, आता ६ किलो ज्वारी आणि १४ किलो गहू येतो. १८७४ मध्ये पाशे या दुसऱ्या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने सुचवलं ते असं, की ही आजची टोपली धरा. ती आजच्या भावाने ८२२ रुपयांची आहे, जुन्या भावाने ६६० ची झाली असती. निर्देशांक सुमारे १२४.५.

भाव तेच, घर तेच, तरी आठ अंकांहून जास्त फरक. खरी गंमत इथेच आहे. दोन्ही पद्धतींत ज्वारी दीडपट आणि गहू १.१ पट महागलाय, बदलतो तो फक्त भार. लास्पेयर ज्वारीला ५७ टक्के भार देतो, कारण जुन्या बिलात तिचा वाटा तेवढा होता. पाशेच्या टोपलीचा हिशेब जुन्या भावाने केला, तर तो वाटा ३६ टक्क्यांवर येतो. जी वस्तू जास्त महागली तिच्यापासूनच लोक दूर सरकले, म्हणून लास्पेयर वर झुकतो. पाशे खाली झुकतो, कारण आवडती भाकरी सोडावी लागली याची किंमत तो शून्य धरतो. पोळीवर भागवणाऱ्या सोलापूरकराला विचारा! दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे फिशरचा निर्देशांक, इथे १२८.६ येतो.

अर्थात हा क्रम अटळ नाही. पगार वाढले किंवा आवड बदलली आणि महागलेली वस्तूच लोक जास्त घेऊ लागले, तर पाशे लास्पेयरच्या वर जातो.

मग पाशेच का वापरत नाहीत? त्यासाठी दर महिन्याला घरोघरी कोणी काय किती घेतलं हे विचारावं लागेल. भाव दुकानात जाऊन टिपता येतात, पण खर्चाची पाहणी वर्षानुवर्षांनी होते. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकासाठी ज्या शहरांतले भाव गोळा होतात, त्यांत सोलापूरही आहे, आणि त्याचं आधार वर्ष २०१६ आहे. टोपली जितकी शिळी, तितकी ही महागाई जास्त दाखवण्याची चूक सहसा वाढत जाते. आणि महागाई भत्ता या निर्देशांकावर ठरत असल्याने, ही चूक भत्ता घेणाऱ्याच्या बाजूने असते.