बाराव्या दिवसात सामावलेले वर्ष: खान्देशातील तेरा दिवसांच्या दुखवट्याची पार्श्वभूमी

खान्देशात घरातील माणूस गेल्यानंतर नातेवाईक ‘दारावर’, म्हणजे सांत्वनाला, येऊ लागतात, दहाव्या दिवशी तापी, गिरणा किंवा पांझरेच्या काठी दशक्रिया होते आणि उत्तरकार्य व गंधमुक्तीनंतर सुतक संपते. हा क्रम सलग तेरा दिवसांचा दिसत असला, तरी मुळात त्याचा एक भाग दहा दिवसांचा आणि दुसरा पूर्ण वर्षाचा होता.

पहिल्या दहा दिवसांचा आधार गरुडपुराणाच्या प्रेतकल्पात स्पष्टपणे सापडतो. दहनाने देह नाहीसा झाल्यावर प्रेताला पुढच्या वाटचालीसाठी नवे शरीर हवे असते आणि ते रोजच्या एकेका पिंडातून घडते, अशी ती कल्पना आहे. सारोद्धार या प्रचलित संक्षेपात पहिल्या दिवशी मस्तक, दुसऱ्या दिवशी मान व खांदे, तिसऱ्या दिवशी हृदय, चौथ्या दिवशी पाठ, पाचव्या दिवशी नाभी, मग कंबर, मांड्या, गुडघे आणि पाय असा क्रम दिला आहे. दहाव्या पिंडाने त्या शरीराला भूक आणि तहान लागते. या काळात चितेजवळ घेतलेल्या अश्म्यावर, म्हणजे जीवखड्यावर, रोज तिळाचे पाणी द्यायचे असते. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतात. एरवी दुसऱ्यापासून नवव्या दिवसापर्यंत घरात चूल, जेवण आणि देवपूजा यांवरील मर्यादा पाळणे एवढेच उरते. आता बहुतेक घरी दहाही पिंड दहाव्या दिवशीच एकत्र दिले जातात. कावळ्याने पिंडाला शिवण्याची वाट त्याच दिवशी पाहतात आणि तो शिवला नाही, तर मृताची इच्छा पुरी करण्याचा शब्द नातेवाईक मोठ्याने देतात. तरीही न शिवल्यास दर्भाचा कावळा करून विधी पुरा केला जातो.

अकराव्या दिवशी एकट्या मृताला उद्देशून एकोद्दिष्ट श्राद्ध होते. या संपूर्ण क्रमातला सर्वांत अर्थपूर्ण दिवस मात्र बारावा आहे, असे मला वाटते. त्या दिवशी सपिंडीकरण होते. पुरुष गेला असेल, तर त्याच्या नावाचा लांबट पिंड तीन भागांत कापून त्याचे वडील, आजोबा आणि पणजोबा यांच्या पिंडांत एकेक भाग मिसळतात. तेथपर्यंत प्रेत मानलेला माणूस या क्षणापासून पितर होतो, तो तिघांतला पहिला ठरतो आणि पणजोबा पिंडाच्या हक्कातून बाहेर पडतात.

शास्त्रात या विधीचा मुख्य काळ वर्षअखेरीचा आहे. त्याआधी वर्षभरात सोळा श्राद्धे पूर्ण व्हायला हवीत. तोवर प्रेत यमलोकाच्या वाटेवर असते. परंतु कुळाचे आचार अनंत, माणसाचे आयुष्य घटत जाणारे आणि शरीर अस्थिर, म्हणून बारावा दिवस प्रशस्त, असे कारण देऊन ग्रंथांनीच हा काळ अलीकडे आणला. कर्ता वर्षभर जगेलच याची खात्री नव्हती आणि सपिंडीवाचून घरातील मंगलकार्येही अडत होती. त्यामुळे सोळा श्राद्धे आधी उरकून बाराव्याला सपिंडी करण्याचा प्रघात रूढ झाला. तेराव्या दिवशी वाटेच्या शिदोरीसाठी पाथेयश्राद्ध, शांती आणि आप्तांचे गोड जेवण होते. बाराव्याला पितर झालेल्याला तेराव्याला शिदोरी देण्यातली विसंगती मूळ वर्षाच्या प्रवासाची आठवण पुसली न गेल्यामुळे उरली आहे.

घोळ होतो तो मोजणीत. सोमवारी दुपारी मृत्यू झाला असेल, तर सोमवार हाच पहिला दिवस. मग तिसरा बुधवार, दहावा पुढच्या आठवड्यातला बुधवार, बारावा शुक्रवार आणि तेरावा शनिवार. मृत्यू सोमवारच्या मध्यरात्रीनंतर दोन वाजता झाला, तर दाखल्यावर मंगळवार येतो, पण सूर्योदयापासून दिवस धरणारे गुरुजी सोमवारच मोजतात. याविषयी धर्मग्रंथांतही मध्यरात्र, सूर्योदय आणि रात्रीचे तीन भाग असे वेगवेगळे पक्ष आहेत आणि निर्णय देशाचारावर सोडला आहे. म्हणूनच निरोप धाडण्याआधी पहिला दिवस कोणता हे विचारून घ्यावे. नाहीतर पाहुणे दशक्रिया झाल्यावर नदीवर पोहोचतात.

सपिंडीनंतरही वर्षभर मासिक श्राद्धे पुन्हा करावीत असे शास्त्र सांगते, पण ती फार थोड्या घरी होतात. खान्देशात त्या वर्षाची जागा मोठ्या प्रमाणात आखाजीने, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाने, घेतली आहे. वर्षभरात गेलेल्या माणसासाठी त्या दिवशी पाण्याने घागर भरली जाते आणि आमरस व पुरणपोळीचा घास आगारीत, म्हणजे निखाऱ्यांवर, टाकला जातो.